तीनदा कळवूनही

२०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी खरेदी विभागात होतो. गणपती नुकतेच गेले होते. मेंटेनन्सचा एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या टेबलाशी आला. "सर, हा मेल एकदा वाचता का? फायनान्सच्या मोठ्या साहेबांना टाकतोय. आता नाही सहन होत."

त्याची अडचण खरी होती. आमच्या मोठ्या कॉम्प्रेसरच्या एअरएंडचे ओव्हरहॉल करायचे होते. एअरएंड म्हणजे ज्या भागात दोन स्क्रू एकमेकांत फिरून हवा दाबतात तो भाग. त्या स्क्रूंमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. बेअरिंग झिजले की स्क्रू एकमेकांना घासतात, आणि मग बेअरिंग बदलून भागत नाही, आख्खा एअरएंड बदलावा लागतो. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत ४०,००० तासांनी बेअरिंग बदला असे होते आणि आमचा आकडा त्याच्या पुढे गेला होता. कंपनाचे रीडिंग जूनमध्ये सेकंदाला ४ मिलिमीटर होते, ते ऑगस्टअखेर साडेसहावर आले होते.

हे काम चालू कारखान्यात करता येत नाही. आमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांप्रमाणे आम्हीही अशी कामे दिवाळीच्या शटडाऊनमध्ये उरकतो. म्हणून त्याने १ सप्टेंबरला पीआर, म्हणजे खरेदीची मागणी, सॅपमध्ये टाकली होती. १८ तारीख उजाडली तरी मंजुरी नव्हती. त्याने लिहिलेला मसुदा असा होता. इंग्रजी नंतर करणार होता. राग आधी मराठीत उतरला होता.

विषय: अत्यंत तातडीचे – स्मरणपत्र

आदरणीय सर,
कॉम्प्रेसर ओव्हरहॉलची पीआर दि. १ सप्टेंबर रोजी टाकलेली असून फायनान्स विभागास तीनदा कळवूनही अद्याप मंजुरी देण्यात आलेली नाही. वारंवार पाठपुरावा करूनही समाधानकारक उत्तर मिळत नाही. यामुळे उत्पादन बंद पडल्यास मेंटेनन्स विभाग जबाबदार राहणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

"यात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही," तो म्हणाला.

नाव नव्हते, हे खरे. पण प्लांटमध्ये फायनान्सच्या मंजुऱ्या एकच मॅडम बघत. त्यामुळे 'फायनान्स विभागास' म्हणजे कोणाला, हे मुंबईला बसलेल्या साहेबांनाही कळले असते. शिवाय दोष द्यायला नाव लागतच नाही. मराठीत तर एक 'ही' पुरतो. 'तीनदा कळवले' ही माहिती झाली. 'तीनदा कळवूनही' म्हटले की समोरचा बेफिकीर ठरतो. 'अद्याप' हा तसाच शब्द. 'मंजुरी व्हायची आहे' यात फक्त स्थिती कळते. 'अद्याप मंजुरी नाही' यात एक सुस्कारा ऐकू येतो. 'वारंवार' तर मोजदाद टाळून गाऱ्हाणे सांगणारा शब्द आहे. किती वेळा, ते लिहावे: ४, ९ आणि १५ सप्टेंबर. तारखा लिहिल्या की वाचणाऱ्याला हवे ते अनुमान तो स्वतः काढतो, आपण काढून द्यावे लागत नाही.

'देण्यात आलेली नाही' या कर्मणी रचनेचा आपल्याकडे फार भरवसा असतो. कर्ता लपवला की आरोपही लपला, असे वाटते. प्रत्यक्षात वाचणारा कर्ता शोधायला लागतो आणि बहुधा जवळचाच माणूस त्याला सापडतो. त्यापेक्षा वाक्याचा कर्ताच बदलावा. माणसाऐवजी पीआरला कर्ता करावे: पीआर अमुक टप्प्यावर आहे, अमुक तारखेपासून आहे. हे लिहायचे तर मात्र पीआर खरोखर कुठे आहे, ते आधी माहीत असायला लागते.

मी त्याला तेच विचारले. "कुठे अडकलीय?"

"फायनान्सला. मॅडमना विचारलं की म्हणतात, माझ्याकडून झालंय. दर वेळी तेच."

सॅपमध्ये पीआर नुसती बघायची तर `ME53N` टाकून ती उघडतात. तिथे `Release strategy` नावाचा टॅब असतो. कोणाकोणाची मंजुरी लागते, कोणाची झाली आणि कोणाची राहिली, ते त्यात टप्प्याटप्प्याने दिसते. अर्ध्या मिनिटाचे काम. पण मेंटेनन्सची पोरे तो टॅब उघडत नाहीत, कारण त्यांना फक्त पीआर टाकायची सवय असते. आम्ही उघडला. पहिला टप्पा त्याच्या स्वतःच्या विभागप्रमुखाचा, झालेला. दुसरा मॅडमचा, झालेला. तिसरा कमर्शियल मॅनेजरचा, तो बाकी.

"तिसरा टप्पा कुठून आला? ही तर पाच लाखांच्या आतली आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे एक लाखापर्यंत विभागप्रमुख, पाच लाखांपर्यंत प्लांटचे फायनान्स आणि त्यावर कमर्शियल मॅनेजर, अशी अधिकारांची उतरंड होती. त्याची पीआर मुळात ४,६०,००० रुपयांची. पण बदलांची नोंद पाहिली तेव्हा दिसले, की ८ सप्टेंबरला त्यानेच ती उघडून फिटिंगचे ४५,००० रुपये वाढवले होते. ते कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत होते, आधी नजरेतून सुटले होते. रक्कम झाली ५,०५,०००. आमच्याकडच्या मांडणीत रक्कम बदलून वरच्या मर्यादेत गेली, की सिस्टिम आधीच्या मंजुऱ्या पुसते आणि साखळी नव्याने सुरू करते. त्याच्या विभागप्रमुखांनी ९ तारखेला पुन्हा मंजुरी दिली, मॅडमनी १० तारखेला. म्हणजे मॅडमनी ते काम दोनदा केले होते आणि 'माझ्याकडून झालंय' हे त्यांचे उत्तर अक्षरशः खरे होते.

आणि कमर्शियल मॅनेजर? त्यांची २५ ऑगस्टला गुजरातच्या प्लांटला बदली झाली होती. त्यांच्या जागी कोणी आलेले नव्हते. तिसऱ्या टप्प्याचा अधिकार मात्र सिस्टिममध्ये त्यांच्याच जुन्या लॉगिनला चिकटलेला होता. पीआर आठ दिवस एका रिकाम्या खुर्चीपुढे उभी होती.

तो मुलगा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पंचेचाळीस हजारांची वेगळी पीआर टाकू का? मग दोन्ही पाच लाखांच्या आत येतील."

हा मोह जवळपास प्रत्येकाला होतो, म्हणून सांगून ठेवतो. एका कामाचे दोन तुकडे करून मंजुरीची मर्यादा चुकवणे हे ऑडिटर पहिल्यांदा शोधतात. एकच विक्रेता, एकच मशीन, लागोपाठच्या तारखा आणि दोन्ही रकमा मर्यादेच्या जराशा खाली किंवा बेरीज जराशी वर, असे दिसले की त्यांना आणखी पुरावा लागत नाही. अडलेल्या मंजुरीवरचा हा उपाय मंजुरी अडण्यापेक्षा महाग पडतो.

मंजुरी 'अडली' म्हणण्याआधी आणखी एक तपासणी करायला हवी. कोणी प्रश्न विचारून ठेवलेला आहे का? मंजुरी देणारा कधी शेऱ्यात लिहितो, 'दुसरे कोटेशन कुठे?' आणि तो शेरा आपण वाचलेलाच नसतो. कधी त्याला ते काम मान्यच नसते आणि त्याने तसे तोंडी सांगितलेलेही असते. अशा वेळी वर मेल टाकला तर एका वाक्यात परत येतो. पहिल्या प्रकाराला उत्तर द्यायचे असते, दुसऱ्याला चर्चा करायची असते. वरच्या माणसाला लिहायचे ते फक्त अशा वेळी, जेव्हा खालच्या कोणाच्या हातात काही उरलेले नसते. इथे तसेच होते. मॅडमच्या हातात काही नव्हते, त्याच्या साहेबांच्या हातात नव्हते, आणि आयटीवाले अधिकाराचा तक्ता फायनान्स प्रमुखांच्या लेखी परवानगीशिवाय बदलत नाहीत. म्हणजे ज्या साहेबांना तो रागाने लिहायला निघाला होता, तेच योग्य होते. कारण मात्र वेगळे होते.

मग आम्ही तारखेकडे वळलो. पहिल्या मसुद्यात 'अत्यंत तातडीचे' होते, पण केव्हापर्यंत, ते नव्हते. विभागप्रमुखाच्या इनबॉक्समध्ये तातडीचे नसलेले काहीच नसते. त्याला हवी असते एक तारीख आणि ती तारीख का, याचा हिशेब. हा हिशेब शेवटापासून उलटा करत यावा लागतो. शटडाऊन सोमवारी, २० ऑक्टोबरला सुरू. सुटे भाग त्याआधीच्या शुक्रवारी, १७ तारखेला स्टोअरमध्ये हवेत. विक्रेत्याने ऑर्डर मिळाल्यापासून २१ दिवस सांगितलेले. म्हणजे ऑर्डर २६ सप्टेंबरला गेली पाहिजे. मंजुरी झाल्यावर पीओ करून सहीसह बाहेर पडायला आमच्या विभागाला दोन दिवस लागतात. आले उत्तर: मंजुरी २४ सप्टेंबर, बुधवार. कोटेशनची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती, म्हणून तिची वेगळी काळजी नव्हती.

"२२ लिहू? म्हणजे हाताशी दोन दिवस राहतील."

"नको," मी म्हटले. साहेबांनी विचारले, की २४ ला झाली तर काय होईल, आणि खरे उत्तर 'काही नाही' असे असेल, तर पुढच्या वेळी आपल्या तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही. परिणामाचेही तसेच. 'उत्पादन बंद पडेल' हे त्याला माहीत नव्हते. त्याला माहीत होते ते इतकेच, की दिवाळी हुकली तर पुढची संधी नाताळच्या आठवड्यात, आणि तोवर तेच बेअरिंग चालवावे लागेल. तेवढेच लिहायचे.

पाठवण्याआधी त्याने दोन माणसांना भेटावे, असे मी सुचवले. एक, त्याचे स्वतःचे साहेब. त्यांना वगळून मुंबईला मेल गेला असता तर त्यांना उत्तरे देताना नाकी नऊ आले असते. दुसऱ्या मॅडम. आपल्याबद्दल वर लिहिले गेले, यापेक्षा ते आपल्याला न सांगता लिहिले गेले, हे माणसाला जास्त लागते. तो चहाच्या वेळी गेला. मसुदा दाखवला. मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, "अहो, हे बरं झालं. माझ्याकडच्याही दोन तिसऱ्या टप्प्यावर थांबल्यात. मलाही कळत नव्हतं कोणाला सांगू." शिवाय त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: साहेबांना फक्त अडचण सांगू नका, त्यांनी नेमके काय करायचे ते दोन पर्यायांत लिहा, ते फोनवरून वाचतात.

शुक्रवारी, १९ सप्टेंबरला सकाळी गेलेला मेल असा होता.

विषय: २४ सप्टेंबरपर्यंत मंजुरी हवी – कॉम्प्रेसर ओव्हरहॉल पीआर, ५.०५ लाख रुपये

नमस्कार सर,

कॉम्प्रेसर क्र. १ च्या ओव्हरहॉलची पीआर १० सप्टेंबरपासून तिसऱ्या टप्प्यावर आहे. या टप्प्याचा अधिकार कमर्शियल मॅनेजर या पदाकडे आहे. बदलीमुळे ते पद सध्या रिकामे आहे.

आपल्याकडून पुढील दोन्हींपैकी एक हवे आहे: या टप्प्याचा अधिकार तात्पुरता कोणाकडे द्यायचा ते आयटी विभागाला कळवावे, किंवा ही पीआर आपण स्वतः मंजूर करावी.

काम दिवाळीच्या शटडाऊनमध्ये (२० ऑक्टोबरपासून) करायचे आहे. सुटे भाग यायला २१ दिवस आणि पीओला २ दिवस लागतात, म्हणून २४ सप्टेंबर. ही तारीख गेल्यास काम डिसेंबरअखेर करता येईल. तोपर्यंत मशीन सध्याच्या बेअरिंगवर चालेल. कंपन जूनमधल्या ४ वरून ६.५ वर गेले आहे.

८ सप्टेंबरला मी फिटिंगचा राहिलेला खर्च धरून रक्कम ४.६० वरून ५.०५ लाख केली, त्यामुळे तिसरा टप्पा लागू झाला. पहिल्या दोन टप्प्यांची मंजुरी त्यानंतर पुन्हा झालेली आहे.

सोबत कोटेशन, कंपनाची नोंद आणि पीआरचा स्क्रीनशॉट जोडला आहे. आणखी काही लागल्यास मी आज दिवसभर फोनवर आहे.

विषयाच्या ओळीत तारीख आधी आहे, कारण फोनच्या पडद्यावर सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात आणि 'संदर्भ: आपला मेल दिनांक…' यातच ते संपून जातात. पहिल्या परिच्छेदात कोणी काय केले नाही, याबद्दल एकही शब्द नाही. पद रिकामे आहे, एवढेच. आणि शेवटून दुसरा परिच्छेद लिहायला त्याला सगळ्यात जड गेले. "माझी चूक मीच कशाला लिहू?" पण ती लिहिली नसती तर साहेबांचा पहिला प्रश्न हाच असता, की पाच लाखांच्या आतली पीआर माझ्यापर्यंत का आली, आणि मग त्याचे उत्तर शोधायला मॅडमना फोन गेला असता. शिवाय ती चूकही नव्हती. खर्च राहिला होता, तो धरला. 'मी' हा शब्द त्या मेलमध्ये आला तो त्या परिच्छेदात आणि शेवटी, फोनवर असण्याबद्दल. दोन्ही ठिकाणी स्वतःच्या कामासाठी.

जुना तीन स्मरणपत्रांचा मेल त्याने पुढे ढकलला नाही, नवा लिहिला. तेही महत्त्वाचे. ट्रेलिंग मेल खाली जोडला की त्यातले 'कृपया आता तरी' वगैरे सगळे वर जाते आणि वरचे चार सभ्य परिच्छेद फुकट जातात. प्रत त्याच्या साहेबांना, मॅडमना आणि गुजरातला गेलेल्या मॅनेजरांना, सगळ्यांना दिसेल अशी होती. लपवून, म्हणजे बीसीसीत, कोणी नव्हते. बीसीसीतला माणूस कधी चुकून 'रिप्लाय ऑल' दाबतो आणि मग तो गुपचूप वाचत होता, हे सर्वांना कळते.

सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना हे थोडे ओळखीचे वाटेल. तिथे स्मरणपत्रांनी भागले नाही की अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याला नावाने अर्धशासकीय पत्र लिहितो. भाषा सौम्य असते, पण लक्ष वैयक्तिक मागितलेले असते. महाराष्ट्रात तर २००५ च्या बदल्या आणि विलंबाविषयीच्या कायद्याने मापही घालून दिले आहे: सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त राहू नये. असे माप असले की त्याच्याकडे बोट दाखवता येते, माणसाकडे दाखवावे लागत नाही. खासगी कारखान्यात असे माप बहुधा नसते. म्हणून शटडाऊनच्या तारखेसारखे काहीतरी शोधावे लागते, जे कोणाच्याच मर्जीवर अवलंबून नाही.

ही रीत सगळीकडे चालते असे नाही. कोणी मुद्दाम फाईल दाबून बसला असेल तर सौम्य मेलने त्याला पाझर फुटणार नाही. पण तिथेही तारखांची कोरडी नोंदच शेवटी उपयोगी पडते. चौकशीत कोणी विशेषणे वाचत नाही. आणि माणसांच्या जिवाला धोका असेल, समजा सेफ्टी व्हॉल्व्हच काम करत नसेल, तर मेल लिहीत बसायचे नाही. मशीन बंद करायचे आणि फोन करायचा.

साहेबांचे उत्तर दुपारी जेवणानंतर आले. एकच ओळ: 'तात्पुरता अधिकार प्लांट हेडकडे देतो आहे, आयटीला कळवले.' सोमवारी घटस्थापना होती. मंगळवारी, २३ तारखेला, तिसऱ्या टप्प्यापुढे खूण आली. गुरुवारी आम्ही पीओ पाठवला. खंडेनवमीला नेहमीप्रमाणे त्या कॉम्प्रेसरला झेंडूचा हार पडला, आणि १६ ऑक्टोबरला बेअरिंगची पेटी स्टोअरमध्ये पोचली.

त्या मेलला आणखी एक उत्तर आले होते, शुक्रवारीच रात्री, गुजरातहून. बदली झालेल्या मॅनेजरांनी प्रत वाचून आपले जुने लॉगिन उघडून पाहिले होते. त्यांनी सर्वांना लिहिले होते: 'माझ्या इथे अशा आणखी अकरा पीआर दिसत आहेत. यादी जोडतो आहे.'